दवाखान्याचे अंदाजपत्रक : खोडवा ठेवायचा की नवी लागण करायची?



गेल्या वार्षिक सभेत एका सभासदाने उभे राहून प्रश्न विचारला होता. "उसाच्या बिलातून दवाखान्यासाठी कपात होते, त्याला आमची ना नाही. पण दवाखान्याचा खर्च दरसाल दहा टक्क्यांनी वाढतो तो कशावरून? दहाच का? नऊ का नाही, बारा का नाही?" सभेत त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही, हे आम्ही कबूल करतो. उत्तर नव्हतेच. मागल्या वर्षी जो खर्च झाला त्यात दहा टक्के मिळवायचे, एवढाच आजवरचा रिवाज होता.

ह्या रिवाजाला वाढीव अंदाजपत्रक म्हणतात. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हा खोडवा झाला. तोडणी झाली, पाचट आवरले, खत-पाणी दिले की पीक उभे. नांगरट नाही, बेणे नाही, खर्च कमी, डोक्याला ताप कमी. दुसरी पद्धत म्हणजे शून्याधारित अंदाजपत्रक. त्यात मागला आकडा बाजूला ठेवून रान मोकळे धरायचे आणि प्रत्येक खर्चाला विचारायचे, "तू कशासाठी? तू नसलास तर काय अडेल?" ही झाली नवी लागण. खोडवा किती वर्षे ठेवायचा हे आपण उताऱ्यावरून ठरवतो. दवाखान्याच्या हिशोबात तो उतारा कसा बघायचा, हे ह्या लेखात एका विभागाचे उदाहरण घेऊन सांगतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

नमुन्याला आम्ही रक्त-लघवी तपासणी विभाग घेतला, म्हणजे आपण सगळे ज्याला 'लॅब' म्हणतो तो. मागील वर्षी ह्या विभागाचा खर्च २४ लाख रुपये झाला. त्यात पगार व डॉक्टरांचे मानधन ११ लाख ५२ हजार, तपासणीची द्रावणे आणि किट ७ लाख २० हजार, शहरातल्या लॅबकडे पाठवलेल्या तपासण्या २ लाख ४० हजार, यंत्रांची देखभाल १ लाख २० हजार आणि वीज, डिझेल, कागद वगैरे किरकोळ १ लाख ६८ हजार. पाच वर्षांपूर्वी हाच खर्च सुमारे १५ लाख होता. दरसाल दहा टक्के चढवत गेले की पाच वर्षांत शंभराचे एकशे एकसष्ट होतात. ह्या वाढीत कोणी चोरी केली नाही, कोणी उधळपट्टीही केली नाही. फक्त मूळच्या १५ लाखांकडे पुन्हा कोणी वळून बघितले नाही.

वाढीव पद्धतीची खोड नेमकी इथे आहे. सभेत चर्चा होते ती वरच्या दोन-अडीच लाखांची. खालचे २४ लाख आपोआप मंजूर होतात. शिवाय विभागाला ठाऊक असते की यंदा तरतूद शिल्लक राहिली तर पुढच्या साली ती कापली जाईल. मग मार्च महिन्यात खरेदीची घाई होते. लॅबच्या खरेदीची नोंदवही महिन्यावार मांडली, तर अकरा महिन्यांची सरासरी महिना ४८ हजारांच्या आसपास आणि एकट्या मार्चची खरेदी १ लाख ९० हजार निघाली. आता किट काही युरियाचे पोते नव्हे की गोदामात पडून राहील. त्यावर मुदत असते, बहुतेक किट २ ते ८ अंश तापमानात फ्रीजमध्ये ठेवावी लागतात, आणि मुदत संपली की ती फेकण्याशिवाय इलाज नसतो. मुदतबाह्य मालाची नोंद पाहिली तेव्हा वर्षात सुमारे ९० हजारांचा माल टाकून द्यावा लागला होता, आणि त्यातला बराचसा मार्चमध्येच घेतलेला. तरतूद वाचवण्यासाठी केलेली खरेदी कचऱ्यात गेली, आणि तोच ९० हजारांचा खर्च पुढच्या साली 'मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च' म्हणून दहा टक्के वाढीसह परत मागितला गेला. हे गौडबंगाल उलगडायला मोठा हिशोबनीस लागत नाही. खरेदीची वही आणि मुदतीची वही शेजारी-शेजारी ठेवावी लागते, इतकेच.

आता शून्यापासून मांडणी कशी केली ते बघा.

पहिल्यांदा रुपये बाजूला ठेवले आणि काम मोजले. वर्षात ३० हजार तपासण्या झाल्या. त्यांतल्या कोणत्या किती, कोणत्या वेळी, आणि अहवाल किती वेळात मिळायला हवा, हे रजिस्टरवरून काढले. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. बाळंतिणीचा रक्तगट आणि हिमोग्लोबिन अर्ध्या तासात पाहिजे. तापाच्या रुग्णाच्या प्लेटलेट्स त्याच दिवशी पाहिजेत. थायरॉइडचा अहवाल मात्र बहुतेक रुग्णांना तीन दिवसांनी मिळाला तरी उपचारात फरक पडत नाही. असे असूनही आपल्याकडे तिन्ही कामे एकाच घाईने होत होती.

थायरॉइडचाच हिशोब जरा सविस्तर सांगतो, कारण शून्यापासून विचार करणे म्हणजे काय ते त्यात चांगले दिसते. आपल्या लॅबमध्ये ही तपासणी ज्या किटवर होते त्यात ९६ खळग्यांची एक प्लेट असते. प्रत्येक रुग्णाला एक खळगा लागतो. पण दर वेळी तपासणी लावताना ठाऊक प्रमाणाची सहा द्रावणे आणि पडताळणीची दोन द्रावणे रुग्णांच्या नमुन्यांबरोबर चालवावीच लागतात. वजनकाट्यावर गाडी घेण्याआधी काटा तपासावा तसे हे आहे. म्हणजे रुग्ण एक असो की वीस, आठ खळगे आधीच जातात.

आपल्याकडे रोज सरासरी तीन रुग्ण, आणि तपासणी रोज लावली जायची. रोजचे ८ अधिक ३ म्हणजे ११ खळगे. ९६ च्या प्लेटमध्ये अशा आठ खेपा बसतात, म्हणजे एका किटमध्ये २४ रुग्ण. किटची किंमत ३,६०० रुपये धरली तर रुग्णामागे १५० रुपये पडतात. हीच तपासणी आठवड्यातून दोनदा, समजा मंगळवारी आणि शुक्रवारी लावली, तर प्रत्येक खेपेला नऊ रुग्ण येतात. ८ अधिक ९ म्हणजे १७ खळगे. प्लेटमध्ये पाच खेपा बसल्या, ४५ रुग्ण झाले, रुग्णामागे खर्च ८० रुपये. शहरातल्या लॅबने दर सांगितला होता १२० रुपये. म्हणजे रोज लावत होतो तोवर आपली तपासणी बाहेरच्यापेक्षा महाग होती, आणि दोनदा लावली तर स्वस्त. वर्षाला असे ९३६ रुग्ण धरले तर फरक सुमारे ६५ हजारांचा. किट बदलले नाही, माणूस कमी केला नाही, रुग्णाचा तोटा नाही. ज्या रुग्णाला खरोखर घाई असेल, त्याच्या कागदावर डॉक्टर तसे लिहितील आणि त्याचा नमुना बाहेर जाईल.

टक्केवारीच्या पद्धतीत हे कधीच दिसले नसते. तिथे 'किट - ७ लाख २० हजार' अशी एकच ओळ असते.

दुसरा मुद्दा रात्रपाळीचा. हा नाजूक आहे, आणि ह्यावर आमच्यातही दोन मते होती.

शून्याधारित पद्धतीत प्रत्येक सेवा टप्प्यांनी मांडायची असते. सर्वांत खालचा टप्पा, म्हणजे ज्याच्याखाली गेलो तर विभाग बंदच केलेला बरा. त्यावर पुढचा टप्पा, त्याचा जादा खर्च किती आणि त्यातून जादा काय मिळते. मग त्याच्यावरचा. लॅबचे टप्पे असे झाले : पहिला, फक्त दिवसपाळी. दुसरा, रात्री दहापर्यंत. तिसरा, रात्रभर टेक्निशियन हजर. रात्रीच्या एका टेक्निशियनचा पगार महिना १८ हजार, वर्षाला २ लाख १६ हजार. रात्रीच्या नोंदी मोजल्या तर वर्षात १६० रात्री काम निघाले, एकूण तपासण्या ४२०. म्हणजे रात्रीच्या एका तपासणीमागे नुसता पगारच ५१४ रुपये. दिवसाच्या तपासणीशी ताडून बघितले तर आकडा डोळ्यांत खुपतो.

नुसता हा आकडा बघून रात्रपाळी बंद करा म्हणणारा माणूस हुशार ठरेल, पण रात्री दोन वाजता अडलेली बाई घेऊन येणाऱ्या घरच्यांना तोंड द्यायला तो तिथे नसेल. म्हणून ४२० तपासण्या कसल्या होत्या ते एकेक करून पाहिले. साखरेची तपासणी बोटाच्या थेंबावर छोट्या यंत्राने परिचारिका करू शकते. सर्पदंशात रक्त गोठते की नाही हे बघायची साधी पद्धत आहे : स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे, मग नळी एकदा तिरपी करून बघायची. गोठले नसेल तर घोणस किंवा फुरशाच्या विषाचा संशय बळावतो. नाग-मण्यारच्या विषासाठी ही कसोटी नव्हे, तिथे रुग्णाच्या पापण्या आणि श्वास बघावा लागतो. ही नळीची तपासणीही वॉर्डातच होते, मात्र नळी काचेचीच पाहिजे, प्लॅस्टिकची चालत नाही. ह्या दोन वजा जाता उरल्या त्या रक्तगट, रक्त जुळवणी, हिमोग्लोबिन वगैरे. त्यांना टेक्निशियनच लागतो.

आणखी एक गोष्ट वहीतून निघाली. १६० पैकी १०५ रात्री नोव्हेंबर ते मार्च ह्या गळीत हंगामातल्या होत्या. हंगामात तोडणी मजुरांच्या टोळ्या येतात, खोप्या पडतात, गाड्यांची रात्रंदिवस ये-जा असते. बाळंतपणे, अपघात, सर्पदंश हे सगळे ह्याच महिन्यांत वाढते. उरलेल्या सात महिन्यांतल्या २१४ रात्रींत फक्त ५५ रात्री बोलावणे आले.

म्हणून ठरले असे की हंगामाच्या पाच महिन्यांत रात्रपाळी पूर्ववत. बाकी सात महिने कॉलनीत राहणाऱ्या टेक्निशियनने पाळीपाळीने बोलावण्यावर राहायचे. रात्रीमागे १५० रुपये राखीव भत्ता, म्हणजे ३२,१००, आणि प्रत्येक बोलावण्याला २०० रुपये, म्हणजे ११,०००. मिळून ४३,१०० रुपये. ज्याला रात्री उठवले त्याला सकाळची सुट्टी, ही अट टेक्निशियन मंडळींनी घातली आणि ती रास्तच आहे. झोपेत असलेल्या माणसाने केलेली रक्त जुळवणी कोणालाच नको.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण अशा हिशोबात बचत फुगवून सांगण्याचा मोह फार. रात्रपाळी सात महिने बंद झाली म्हणजे त्या टेक्निशियनचा पगार वाचला का? नाही. तो कायम माणूस आहे, त्याचा पगार द्यायचाच आहे. नुसते एवढेच केले असते तर उलट ४३ हजारांचा खर्च वाढला असता! वाचले ते असे की विभागाने पाचवा टेक्निशियन मागितला होता, पावसाळ्यातल्या तापाच्या साथीत सकाळी रांग लागते म्हणून. रात्रीचा माणूस ते सात महिने सकाळी आल्यावर पाचव्याची गरज उरली नाही. टळले ते २ लाख १६ हजार, त्यातून ४३ हजार वजा. बचतीचा कोणताही आकडा सभेपुढे आला की सभासदांनी एवढे जरूर विचारावे : नेमका कोणता चेक लिहिला जाणार नाही?

शेवटी बेरीज काय झाली? विभागाची मूळ मागणी २८ लाखांवर होती. दहा टक्क्यांच्या रिवाजाने २६ लाख ४० हजार मिळाले असते. शून्यापासून मांडल्यावर आकडा आला २५ लाख २३ हजार. म्हणजे गेल्या सालापेक्षा खर्च वाढलाच, पाच टक्क्यांनी. पगारवाढ आहे, द्रावणांचे भाव वाढले आहेत, रुग्णही वाढले आहेत. शून्यापासून सुरुवात केली म्हणून खर्च शून्याकडे जात नाही. एक खर्च तर नव्याने आला : किटच्या फ्रीजला स्वतंत्र बॅटरी आणि तापमान नोंदणारे यंत्र, ४० हजार. वीज गेली की किट बिघडतात हे टेक्निशियनला कधीचे ठाऊक होते, पण 'दहा टक्क्यांत बसवा' म्हटल्यावर तो ते मागत नव्हता. रिवाजाच्या आकड्यापेक्षा १ लाख १७ हजार कमी झाले. सहा लाख टन गाळप धरले तर टनामागे जवळजवळ वीस पैसे. थोडे आहेत, पण हा एकच विभाग आहे.

मग सगळ्या दवाखान्याचे, शाळेचे, वसतिगृहाचे अंदाजपत्रक असेच का करू नये? काही सभासदांनी तसे सुचवलेही आहे. त्यांच्यासाठी ह्या पद्धतीचा इतिहास थोडक्यात सांगतो.

अमेरिकेच्या शेती खात्याने १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सबंध खात्याचे अंदाजपत्रक मुळापासून मांडून बघितले. आरन वाइल्डाव्स्की ह्या अभ्यासकाने त्याची तपासणी केली तेव्हा कागद आणि श्रम अफाट, फरक नगण्य, असे आढळले. पुढे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ह्या कंपनीत पीटर पायर ह्यांनी टप्पे आणि क्रम लावण्याची पद्धत बसवली आणि १९७० साली त्यावर लेख लिहिला. तो वाचून जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर जिमी कार्टर ह्यांनी पायरना बोलावून घेतले. राज्यात दहा हजारांवर टप्प्यांचे कागद तयार झाले. एवढे कागद एका माणसाने नीट वाचायचे म्हटले तर वर्ष संपेल, अंदाजपत्रक राहील. कार्टर अध्यक्ष झाल्यावर १९७७ साली त्यांनी ती पद्धत केंद्र सरकारला लावली. रेगन आल्यावर १९८१ साली ती बंद झाली. आपल्याकडे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९८६ साली महाराष्ट्र शासनाने हा प्रयोग केला. 'झीरो बजेट' हा शब्द जुन्या मंडळींना तेव्हापासूनचा आठवत असेल.

श्रम हा एक अडथळा. आपल्या एका लॅबला एक डॉक्टर, एक टेक्निशियन आणि हिशोब खात्याचा एक कारकून ह्यांचे मिळून दीड महिन्याचे फावल्या वेळचे काम पडले. दहा विभाग एकदम काढले तर रुग्ण कोण बघणार?

दुसरा अडथळा माणसाच्या स्वभावाचा आहे. टप्प्यांचा क्रम विभागाने स्वतःच लावायचा म्हटले की चतुर विभागप्रमुख सर्वांत लोकप्रिय सेवा मुद्दाम शेवटी टाकतो. आपल्या लॅबच्या पहिल्या मसुद्यात मलेरियाची रक्त तपासणी सगळ्यांत शेवटच्या टप्प्यात होती! ती कापायची हिंमत कोणता संचालक करील? म्हणजे तिच्या वरचे सगळे आपोआप मंजूर. क्रम लावताना दुसऱ्या विभागाचा एक डॉक्टर आणि एक मेट्रन बसवल्यावर मलेरिया पुन्हा पहिल्या टप्प्यात गेला.

आणि तिसरा, दुसऱ्या वर्षीचा आळस. एकदा तयार झालेले कागद दुसऱ्या साली तारीख बदलून परत येतात. तपासण्यांची संख्या गेल्या वर्षीचीच, अगदी एककापर्यंत तीच दिसली, तर समजावे की वही उघडलेलीच नाही.

म्हणून आम्ही सुचवले आहे की दरसाल एकच विभाग नांगरायचा, बाकीचे खोडव्याला ठेवायचे. शहाणा शेतकरी सगळे रान एकाच साली लागणीला घेत नाही. मात्र खोडव्याच्या विभागांनाही सरसकट दहा टक्के नकोत. वाढ दोन भागांत मागावी : काम किती वाढले आणि दर किती वाढला. लॅबच्या किटचेच बघा. त्याआधीच्या वर्षी २७ हजार तपासण्यांना ६ लाख लागले, मागील वर्षी ३० हजारांना ७ लाख २० हजार. वाढलेल्या १ लाख २० हजारांपैकी ६७ हजार जादा तपासण्यांचे आहेत, त्याबद्दल कोणाला बोल लावता येणार नाही. उरलेले ५३ हजार दरवाढीचे आणि नासाडीचे. विचारपूस करायची ती ह्या ५३ हजारांची. ज्या विभागात हा दुसरा भाग सलग दोन वर्षे बाजारातल्या दरवाढीपेक्षा जास्त निघेल, त्याचा नंबर लागणीला आधी लावायचा.

पुढच्या वर्षी औषध भांडाराची पाळी आहे. त्यासाठी येत्या एप्रिलपासून भांडारात प्रत्येक औषधाची मुदत आणि महिन्याचा खप एकाच वहीत लिहिला जाईल. ती वही हिशोब खात्यात सभासदांना बघायला मिळेल. मार्चचे पान जरूर उघडून बघावे.